पंधरा वर्षांचा मुलगा एकटा मुंबईहून लंडनला: विमान कंपनीचा फॉर्म, सोबतीची सेवा आणि इमिग्रेशनचे प्रश्न

माझी धाकटी बहीण इंग्लंडमधील लेस्टर शहरात रुग्णालयात परिचारिका आहे. तिचे यजमान काही वर्षांपूर्वी वारले. तिला तिकडची नोकरी मिळाली तेव्हा मुलाची नववी सुरू होती, त्यामुळे दहावीची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तो सांगलीला आजीजवळ आणि आमच्याजवळ राहिला. परीक्षा संपल्यावर तो एकटा मुंबईहून लंडनला गेला, तेव्हा त्याला पंधरा वर्षे पूर्ण झाली होती. त्याच्या प्रवासाची सगळी कागदपत्रे मी जमवली. त्या तीन महिन्यांत जे समजले, ते क्रमाने लिहीत आहे, कारण ज्या घरांत आई किंवा वडील आधी परदेशी जातात आणि मूल मागाहून जाते, त्या घरांना नेमक्या याच पायऱ्या चढाव्या लागतात. उदाहरण ब्रिटनचे आहे. दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनी तिथले व्हिसाचे नियम वेगळे पाहावेत.

पहिली पायरी: तिकिटाच्या आधी विमान कंपनीचा वयाचा नियम

आपण सवयीने आधी स्वस्त तिकीट शोधतो. एकट्या मुलाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो, कारण बारा वर्षांपुढच्या मुलाचे तिकीट प्रौढाच्या दरानेच निघते आणि बुकिंगच्या संकेतस्थळावर तो मोठ्या माणसासारखाच दिसतो. मात्र विमान कंपनीच्या लेखी तो मोठा असतोच असे नाही. एकट्या मुलाला कंपनीच्या माणसांच्या ताब्यात देण्याची जी सेवा असते, तिला ‘अनअकम्पनीड मायनर’ म्हणतात. साधारणपणे पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना ती सक्तीची असते आणि बारा वर्षांपुढे पालकांनी मागितली तर मिळते. पण ‘पुढे’ म्हणजे कुठपर्यंत, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. लुफ्तान्सा ही सेवा बारा ते सतरा वर्षांच्या मुलांना मागणीनुसार देते, तर एमिरेट्समध्ये मागणीनुसार मिळण्याची मर्यादा पंधरा वर्षांपर्यंत आहे. ब्रिटिश एअरवेजने ही सेवा 2016 साली बंदच केली. त्यांच्याकडे चौदा वर्षांखालील मूल एकटे जाऊच शकत नाही, आणि चौदा व पंधरा वर्षांची मुले कुणाच्याही सोबतीविना जातात, मात्र त्यांच्याजवळ पालकांनी भरलेला संमतीचा फॉर्म आणि सही करणाऱ्या पालकाच्या ओळखपत्राची प्रत असावी लागते. म्हणजे तोच पंधरा वर्षांचा मुलगा एका विमानात कंपनीच्या ताब्यातला पाहुणा असतो आणि दुसऱ्या विमानात सर्वसाधारण प्रवासी. तिकीट काढण्याच्या आठवड्यात हे नियम कंपनीच्या स्वतःच्या पानावर पुन्हा वाचावेत, कारण ते बदलतात.

आमची पहिली चूक इथेच झाली. एका संकेतस्थळावरून आम्ही आखाती शहरात विमान बदलण्याचे तिकीट काढले. दोन टप्पे दोन वेगळ्या कंपन्यांचे होते आणि मध्ये नऊ तासांचा थांबा होता. सोबतीची सेवा मागण्यासाठी फोन केला तेव्हा कळले की पहिली कंपनी मुलाला दुसऱ्या कंपनीच्या हाती सोपवत नाही, त्यामुळे त्या तिकिटावर ही सेवा देताच येणार नाही. रद्द करताना निम्म्याहून अधिक पैसे गेले. तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे की एकट्या मुलासाठी थेट विमानच घ्यावे. मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर थेट विमाने जातात आणि प्रवास नऊ-दहा तासांचा असतो. थांब्याचे विमान चुकले किंवा रद्द झाले, तर अठरा वर्षांखालच्या मुलाला हॉटेलात खोली मिळणेही अवघड होते, हा धोका थोड्या पैशांसाठी पत्करण्यासारखा नाही.

दुसरी पायरी: सोबतीची सेवा आणि तिचा फॉर्म

बहुतेक कंपन्यांकडे ही सेवा संकेतस्थळावर मागता येत नाही, फोन करावा लागतो, आणि एका विमानात अशी ठरावीकच मुले घेतात, म्हणून तिकिटाच्याच दिवशी फोन करणे बरे. फोनवरच्या व्यक्तीने ‘हो, नोंद केली’ म्हटले की आपण निश्चिंत होतो, पण तेवढ्यावर थांबू नये. बुकिंगमध्ये या सेवेचा संकेत `UMNR` असा दिसतो. त्याच्यापुढे `HK` असेल तर सेवा पक्की आहे. `HN` असेल तर फक्त विनंती गेलेली आहे आणि उत्तर यायचे आहे. आम्ही हा संकेत विचारला तेव्हा आमची विनंती चार दिवसांनंतरही उत्तराविना पडून असल्याचे कळले. दुसरा फोन केल्यावर ती पक्की झाली. पक्की झाल्याचा ईमेल मागून घ्यावा आणि त्याची छापील प्रत ठेवावी.

फॉर्म साधा असतो, पण त्यातल्या दोन नावांना फार महत्त्व आहे: निघण्याच्या विमानतळावर मुलाला सोडणारी व्यक्ती आणि पोहोचण्याच्या विमानतळावर त्याला घेणारी व्यक्ती. दोघांचे पूर्ण नाव, पत्ता आणि फोन लिहावा लागतो. पुढे मूल हातोहात जाते, म्हणजे सोडणारा सही करतो, काउंटरवरचा कर्मचारी सही करतो, मग विमानातले कर्मचारी, मग उतरल्यावरचा कर्मचारी आणि शेवटी घेणारी व्यक्ती. घेणाऱ्याने छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवायचे असते, आणि त्यावरचे नाव फॉर्मवरच्या नावाशी जुळले नाही तर मूल ताब्यात देत नाहीत. म्हणून फॉर्मवर बहिणीचे घरातले किंवा सासरचे नाव न लिहिता तिच्या पासपोर्टावरचे नाव अक्षर न अक्षर लिहिले. ऐनवेळी तिला रुग्णालयातून सुटता आले नाही तर काय, म्हणून तिच्या एका सहकारी बाईंचे नाव पर्यायी व्यक्ती म्हणून चालेल का, हेही आधी विचारून घेतले.

या सेवेत काय मिळत नाही, तेही माहीत असावे. विमानातले कर्मचारी मुलावर लक्ष ठेवतात, पण शेजारी बसत नाहीत आणि औषध देण्याची जबाबदारी घेत नाहीत. ही सेवा घेतली तरी व्हिसाची आणि संमतीची कागदपत्रे आपलीच असावी लागतात. कंपनीचा फॉर्म मूल कुणाच्या हाती द्यायचे एवढेच सांगतो; घेणाऱ्या व्यक्तीचा मुलावर हक्क आहे, असे तो सांगत नाही.

तिसरी पायरी: नाती सिद्ध करणारे कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि त्याचे कारण आपल्याकडच्या नावांच्या पद्धतीत आहे. भाच्याच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव लग्नानंतर बदललेले आहे, म्हणजे नावही वेगळे, मधले नाव यजमानांचे आणि आडनाव सासरचे. बहिणीची पदवी, परिचर्या परिषदेची नोंदणी आणि पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाने आहेत, कारण नोकरी तिने त्याच नावाने केली. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. पण हीथ्रोच्या काउंटरवर बसलेल्या अधिकाऱ्याच्या पुढे एक मुलगा उभा असतो, त्याच्या दाखल्यावर आई म्हणून एका बाईचे नाव असते आणि बाहेर थांबलेल्या बाईंच्या पासपोर्टावर संपूर्ण वेगळे नाव असते. तीन शब्दांपैकी एकही जुळत नाही.

हा दुवा जोडण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला घेतला, ज्यात माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे होती. ज्यांच्या दाखल्यात तसे नसेल त्यांना महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घेता येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम व्हिसाच्या अर्जाआधीच हाती घ्यावे. भाच्याचा जन्मदाखला फक्त मराठीत होता. त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचे निवेदन, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क असल्याची खात्री केली, कारण ब्रिटनला एवढे सगळे लागते. वडिलांचा मृत्यूचा दाखलाही तसाच भाषांतरासह ठेवला. आईवडील विभक्त असतील तर त्या जागी कौटुंबिक न्यायालयाचा मुलाच्या ताब्याचा आदेश येतो, आणि वडील हयात असून भारतातच असतील तर त्यांच्या सहीचे संमतीपत्र.

संमतीपत्र इंग्रजीत, एका पानाचे असावे. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक, विमानाचा क्रमांक आणि तारीख, मुंबईत कोण सोडणार, लंडनला कोण घेणार, तो कुठल्या पत्त्यावर राहणार आणि चोवीस तास लागणारा फोन क्रमांक एवढे लिहिले की पुरे. आमच्याकडे ते बहिणीने लेस्टरहून सही करून पाठवले. मी मामा असलो आणि मुलगा दोन वर्षे माझ्या घरी राहिला असला, तरी संमती देण्याचा कायदेशीर अधिकार माझा नव्हता, म्हणून पत्रात माझे नाव केवळ सोडणारा म्हणून आले. नोटरी करून घेतलेले पत्र अधिक वजनदार ठरते. आणखी एक बारीक गोष्ट आहे. बहिणीची पासपोर्टावरची सही मराठीत आहे आणि तिकडे ती सगळीकडे इंग्रजीत सही करते. पहिल्या पत्रावर तिने सवयीने इंग्रजी सही केली होती. पत्रासोबत पासपोर्टाची प्रत जोडलेली असते आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी दिसतात, म्हणून पत्र पुन्हा करून घेतले.

चौथी पायरी: ई-व्हिसा

ब्रिटनने तिथे राहण्याच्या परवानगीची प्लास्टिकची कार्डे बंद केली असून परवान्याची नोंद आता संगणकावर, ई-व्हिसा म्हणून राहते. मुलाच्या नावाने खाते उघडून त्याला त्याचा पासपोर्ट जोडावा लागतो. मधल्या काळात पासपोर्ट नवा काढला असेल तर नवा क्रमांक जोडायला विसरू नये, कारण काउंटरवरच्या संगणकाला नव्या क्रमांकाने शोधल्यावर काहीच सापडत नाही. अठरा वर्षांखालील मुलांचे पासपोर्ट बहुधा पाच वर्षांचेच असल्यामुळे हे अनेकांच्या बाबतीत घडते.

या खात्यात शिरताना एक सांकेतिक क्रमांक फोनवर किंवा ईमेलवर येतो, आणि मुलाचे खाते आईने उघडले असेल तर तो आईच्याच फोनवर येतो. मुंबईत पहाटे दोन वाजता काउंटरवर कुणी खाते उघडून दाखवा म्हटले, तर तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात (हिवाळ्यात साडेआठ), आणि रात्रपाळीला गेलेल्या परिचारिकेचा फोन लॉकरमध्ये असतो. म्हणून प्रवासाच्या आठवड्यात खात्यातून ‘शेअर कोड’ काढून छापून घ्यावा. तो नव्वद दिवस चालतो आणि त्यावरून कर्मचाऱ्याला परवाना स्वतः तपासता येतो.

काउंटरवरचे लोक इतके कसून पाहतात याचे कारण आहे. योग्य कागदांविना प्रवासी ब्रिटनला नेला तर विमान कंपनीला माणशी दोन हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यांच्याशी हुज्जत न घालता प्रत शांतपणे पुढे करावी.

जे मूल राहायला न जाता केवळ सुट्टीसाठी आईला भेटायला जाते, त्याच्या पालकांनी व्हिसावर तो ‘सोबतीसह’ दिला आहे की एकट्याने प्रवासाचा, हे नीट वाचावे. सोबतीसह दिलेल्या व्हिसावर सोबतच्या मोठ्या माणसाची नोंद असते, आणि त्या माणसाविना मूल आले तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

पाचवी पायरी: मुंबई विमानतळ

मुंबईच्या टर्मिनलच्या दारात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात, आणि ज्याचे तिकीट नाही त्याला आत सोडत नाहीत. सोडणाऱ्याने फॉर्मवर सही करायची असते आणि काउंटर तर आत असतो, म्हणून त्याच्या प्रवेशाची काय व्यवस्था आहे, हे कंपनीला दोन दिवस आधी विचारावे. आम्हाला दाराशी थांबून फोन करायला सांगितले होते. एक कर्मचारी बाहेर आली आणि तिने सह्या तिथेच घेतल्या. विमान सुटेपर्यंत सोडणाऱ्याने विमानतळाजवळच थांबायचे असते, कारण उड्डाण रद्द झाले तर मूल परत त्याच्याच ताब्यात देतात. आम्ही तीन तासांऐवजी चार तास आधी पोहोचलो आणि तो वेळ सगळा लागला.

आपल्या इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने भाच्याला कुठे जातोस, कुणाकडे, आणि सोडायला कोण आले आहे, एवढेच विचारले आणि आईचे पत्र पाहिले. कागदांची फाइल हातातल्या पिशवीत होती, ती चेक-इनच्या बॅगेत कधीही जाऊ देऊ नये. पासपोर्ट, शेअर कोडची प्रत, संमतीपत्र, आईच्या पासपोर्टाची प्रत, जन्मदाखला, विवाह दाखला आणि मृत्यूचा दाखला याच क्रमाने लावले होते, म्हणजे मागितलेला कागद त्याला न शोधता देता यावा.

सामानाबद्दल थोडेसे. मे महिना होता, आजीला हापूसची पेटी आणि घरचे तूप द्यायचे होते. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे आणि खवा मागे राहिले. आंब्याची पेटीही मागे ठेवली. आजीला वाईट वाटले, पण कस्टम्सच्या चौकशीला एकट्या मुलाला उत्तरे द्यायला लावणे योग्य नव्हते. मेतकूट, चटणी आणि चकली गेली.

सहावी पायरी: हीथ्रोवरचे प्रश्न

भारतीय पासपोर्टाला तिथली स्वयंचलित दारे चालत नाहीत, म्हणून मुलाला अधिकाऱ्यासमोर जावेच लागते. सोबतची कर्मचारी शेजारी असते, पण प्रश्न मुलालाच विचारतात आणि उत्तर त्यानेच द्यावे अशी अपेक्षा असते. ब्रिटनच्या 2009 च्या इमिग्रेशनविषयक कायद्यातील 55 व्या कलमाने सीमेवरच्या अधिकाऱ्यांवर मुलांच्या हिताची काळजी घेण्याची जबाबदारी टाकली आहे. मूल फसवून किंवा पळवून तर आणलेले नाही ना, घेणारी व्यक्ती खरोखर त्याची कुणी आहे ना, हे त्यांना पाहायचे असते. हे मुलाला आधी समजावून सांगितले की प्रश्नांची भीती बरीच कमी होते. भाच्याला मी सांगितले होते की ते तुझ्यावर संशय घेत नाहीत, तुझी काळजी घेतात.

त्याला विचारलेले प्रश्न त्याने त्याच रात्री फोनवर सांगितले. कुणाकडे चाललास, आईचे नाव काय, ती काय काम करते, कुठल्या गावात, तिला शेवटचे कधी भेटलास, इतके दिवस कुणाजवळ राहिलास, तिकीट कुणी काढले, बाहेर कोण आले आहे. आईच्या नावावर तो अडखळला नाही, कारण त्याने आधी पासपोर्टावरचे नाव सांगितले, मग दाखल्यावरचे नाव वेगळे का आहे ते सांगून विवाह दाखला पुढे केला. वडील कुठे आहेत, हाही प्रश्न आला. तो येणार हे माहीत असल्याने आम्ही घरी त्यावर बोललो होतो, आणि नुसते ‘वारले’ म्हणून दाखला दिला तरी चालेल, अधिक बोलायची गरज नाही, हे त्याला सांगितले होते. ती तयारी मला बाकी सगळ्या कागदांपेक्षा महत्त्वाची वाटते.

उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. पाठ केलेले उत्तर ऐकू येते आणि त्यातून उलट शंका वाढते. मात्र काही गोष्टी मुलाला खरोखर माहीत असाव्यात: आईचा पत्ता, फोन, ती करत असलेले काम, आणि आपण राहायला आलो आहोत की भेटायला. आश्रित म्हणून परवाना असलेल्या मुलाने लाजून ‘फिरायला आलोय’ म्हटले की कागद एक सांगतात आणि मूल दुसरेच. इंग्रजीत अडले तर दुभाषी मागावा, त्यात कमीपणा नाही. एखादे उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, आईला विचारा’ असे सरळ म्हणावे.

अधिकाऱ्याला खात्री करायची असेल तर तो मुलाला बाजूला बसवून बाहेरच्या पालकाला फोन करतो. बहिणीला असा फोन आला, आणि तो क्रमांक लपवलेला होता. एरवी असे फोन ती उचलत नाही, पण त्या दिवशी प्रत्येक फोन उचलायचा हे आम्ही ठरवले होते. तिला मुलाची जन्मतारीख, त्याची शाळा आणि सांगलीतला पत्ता विचारला, आणि दहा मिनिटांत मुलगा पुढे गेला. म्हणून त्या दिवशी आईने कामाची पाळी लावून घेऊ नये, फोन पूर्ण चार्ज ठेवावा, आणि विमान कुठल्या टर्मिनलला उतरते ते आदल्या रात्री पुन्हा पाहावे. हीथ्रोची टर्मिनले एकमेकांपासून दूर आहेत आणि चुकीच्या ठिकाणी थांबलेल्या माणसाला लगेच पोहोचता येत नाही. ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्टच न्यावा.

सोबतीच्या सेवेविना जाणाऱ्या मुलाला एक सूचना जास्तीची द्यावी लागते. बाहेर आल्यावर आई दिसली नाही, तर अनोळखी माणसाच्या मदतीने टॅक्सी किंवा बस शोधत बाहेर पडायचे नाही; आगमन कक्षातच, माहिती कक्षाजवळ थांबायचे, विमानतळाच्या मोफत वायफायवरून फोन लावायचा, आणि अर्ध्या तासात कुणी आले नाही तर त्या माहिती कक्षात वय सांगून मदत मागायची. भारतातले सिमकार्ड तिकडे चालावे म्हणून रोमिंग इथूनच सुरू करून द्यावे आणि आईचा क्रमांक कागदावरही लिहून खिशात ठेवावा, कारण दहा तासांच्या प्रवासात चित्रपट पाहून फोनची बॅटरी संपलेली असते.

भाच्याच्या बाबतीत शेवटची सही बहिणीने केली, फॉर्मची एक प्रत तिला मिळाली. ती तिने जपून ठेवली आहे. रात्री तिने त्याच्या ई-व्हिसावरची मुदत आणि नावाचे स्पेलिंग पासपोर्टाशी पुन्हा ताडून पाहिले, कारण त्यात चूक असेल तर ती शाळेत नाव घालण्याआधी कळवलेली बरी.